खाज नव्हती, वास होता

वाघजाईवाडीच्या उपकेंद्रात आम्रपाली खरात नर्सबाई म्हणून आली त्याला सात वर्षं झाली होती. माण तालुक्यातली पाच गावं आणि अकरा वस्त्या तिच्याकडे. बाळंतपणं, लसी, पाळणा लांबवायच्या गोळ्या, विंचू चावलेली माणसं, सगळं तिच्याच दारात यायचं. नवरा सैन्यात ड्रायव्हर, वर्षातून एकदा घरी येणारा. तिचं माहेर तिथून चार कोसांवर, म्हसवडच्या अलीकडे होतं. तिथं आई जाईबाई आणि भावजय विशाखा दोघीच राहायच्या. भाऊ प्रशांत मुंबईला गोदीत कामाला होता. दिवाळीला आणि उन्हाळ्यात यायचा, कधी मध्येच रजा टाकून.

विशाखा आटपाडीची, शाळामास्तर महेंद्र सावंतांची मुलगी. दहावी झालेली, कमी बोलणारी, पण नणंदेशी तिचं चांगलं जमायचं. नणंद नर्स असल्यानं बायकांचं जे कुणाला सांगता येत नाही ते ती आम्रपालीला सांगायची. लग्नानंतर वर्षभरानं तिला विषमज्वर झाला होता. दहिवडीच्या डॉक्टरांनी दहा दिवस जोरकस गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि पाठोपाठ अंगावरून पांढरं जायला लागलं. तेव्हा ती रडकुंडीला आलेली. दह्याच्या कवड्या पडाव्यात तसं घट्ट जायचं आणि खाज तर अशी की बसवत नव्हतं. आम्रपालीनं लगेच ओळखलं. जंतू मारायच्या गोळ्या जास्त झाल्या की बुरशी वाढते, हे तिनं किती बायकांत पाहिलं होतं. तिनं झोपताना आत ठेवायच्या सहा गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशीच खाज गेली. "वन्सं, तुमी देवच हायसा," असं विशाखा तेव्हा म्हणाली होती, आणि आम्रपाली हसून म्हणाली होती, "आपल्यात देव न्हाई गं, गोळी म्हण."

पंच्याण्णव सालच्या नोव्हेंबरात विशाखाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. टाच पिकली, पाय सुजला. पुन्हा दहिवडीचे डॉक्टर, पुन्हा आठ दिवस कॅप्सुला. पाय बरा झाला. डिसेंबरात ती चालत उपकेंद्रावर आली, तेव्हा आम्रपाली लसींच्या डब्यांत बुडालेली होती. देशभर पोलिओचे थेंब एकाच दिवशी पाजायचे होते आणि त्याला चारच दिवस उरले होते. बर्फ कुठून आणायचा, कोणत्या वस्तीवर कोण बसायचं, शाळेतले मास्तर किती मिळतील, दारात दोन सरपंच उभे.

विशाखा कोपऱ्यात उभी राहिली. गर्दी जरा कमी झाल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, परत अंगावरनं जातंय."

"कॅप्सुला खाल्ल्या न्हव्हं पायासाठनं? मग जानारच. ते गेल्या वर्षीचंच हाय."

"तसलंच न्हाई वाटत. पातळ हाय, पान्यागत. खाज बी तेवढी न्हाई. वास मारतोय."

"घाम हाय, कपडं वाळत न्हाईत थंडीत," आम्रपाली यादीवर खूण करता करता म्हणाली. मग कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. "सहा रात्री. गेल्या वर्षी कसं ठेवलंस, तसंच. जा, दिस बुडायच्या आधी पोच."

विशाखा क्षणभर थांबली. तिला आणखी काही सांगायचं होतं हे आम्रपालीला दिसलं. पण तेवढ्यात बर्फाची गाडी आली आणि ती उठून बाहेर गेली.

पंधरा दिवसांनी विशाखाचा निरोप आला, की गुण नाही. आम्रपालीनं विचार केला, सहा दिवसांचा जोर कमी पडला असेल, मुरलेली बुरशी असेल. तिनं निरोप आणणाऱ्या माणसाच्याच हाती आणखी एक पाकीट धाडलं, पूर्ण कर म्हणून. त्यानंही काही झालं नाही. विशाखा म्हसवडच्या बाजाराला गेली तेव्हा बाळासो मेडिकलवाल्याला तिनं खाली बघत दोन शब्दांत सांगितलं. बाळासोनंही फार विचारलं नाही. अंगावरून जातंय म्हटल्यावर त्यानं एक तोंडानं घ्यायची गोळी आणि एक मलम दिलं. दोन्ही बुरशीचंच. वास काही हलेना. मग विशाखानं आपल्याच मनानं साबण लावून आतून धुवायला सुरुवात केली, दिवसातून दोनदा, तीनदा. कुणीतरी सांगितलं म्हणून डेटॉलचं पाणी घेतलं. आग व्हायची, एखादा तास बरं वाटायचं आणि मग वास आधीपेक्षा वाढून यायचा. ती चुलीपाशी बसली तर पदर आवळून बसायची. पाण्याला गेली तर बायकांच्या मागून चालायची.

हे सगळं आम्रपालीला नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच माहीत होतं की दोन पाकिटं दिली आहेत आणि पोलिओचा दुसरा दिवस जानेवारीत आहे.

जानेवारीच्या शेवटी प्रशांत पंधरा दिवसांच्या रजेवर आला. चौथ्या दिवशी जाईबाईनं माणूस धाडला: आम्रपालीला म्हणावं असंल तशी ये.

ती दुपारच्या गाडीनं पोचली. प्रशांत ओट्यावर बिडी ओढत बसला होता, बहिणीला बघून त्यानं मान फिरवली. जाईबाई आत ज्वारी पाखडत होती. पडवीच्या टोकाला, जिथं शेळी बांधायचे तिथं, एक वाकळ गुंडाळून ठेवलेली होती आणि भिंतीच्या कोनाड्यात एक ताटली, एक तांब्या आणि एक पेला वेगळा मांडलेला होता.

"हे कुनाचं?" आम्रपालीनं विचारलं.

"तिचं," जाईबाई सूप न थांबवता म्हणाली.

लहानपणी आई सांगायची, गावच्या विहिरीवर आपण ओंजळ धरायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, पाणी ओतणाऱ्याच्या हाताला आपला हात लागू द्यायचा नाही. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेऊन आल्यावर हीच जाईबाई, तेव्हा बारा वर्षांची, गावभर सांगत फिरली होती की आता आमच्यात शिवाशीव नाही. आणि आता तिनंच आपल्या घरात सुनेचं ताट वेगळं काढलं होतं.

"आई, काय झालंय काय?"

"तुझ्या भावालाच इच्यार."

प्रशांत विचारायच्या आधीच बोलला. आवाज खाली होता, पण शब्द दगडासारखे. "आक्का, तू नर्स हायस. तुला म्हाईत असंल. बाईच्या अंगाला सुकटीच्या पाटीगत वास कवा येतो? मी जवळ गेलो की वाढतोय. पहिल्या दिवशी वाटलं आंघोळ न्हाई केली. दुसऱ्या दिवशी तर मी उठून भाईर आलो. मी तिकडं मुंबईत, ही हितं एकटी. गोदीत समदी सांगत्यात, असला वास आला की समजायचं रोग हाय. एड्स म्हनत्यात त्याला. मी हितं हाय तवर तिला आत घ्यायची न्हाई."

"मी औषध देतीय तिला. कॅप्सुलांनी बुरशी होते."

"मग गेली का न्हाई बुरशी? दोन महिनं झालं."

आम्रपालीचा स्वतःचाच विश्वास इथं डगमगला. गेल्याच वर्षी साताऱ्याला तिचं एड्सचं शिबिर झालं होतं. मोठे तक्ते लावलेले, पडद्यावर चित्रं. डॉक्टर म्हणाले होते, औषधाला दाद न देणाऱ्या तक्रारींकडे दुर्लक्ष करू नका. सांगलीत आणि हमरस्त्यावरच्या ढाब्यांपाशी काय चाललंय याचे आकडे सांगितले होते. ते सगळं तिच्या डोक्यात एकदम उभं राहिलं. बुरशीच्या औषधाची दोन पाकिटं झाली, तरी जात नाही, मग हे काय आहे? औषधच चुकीचं असेल हे तिच्या मनात आलं नाही. औषध बरोबर आहे आणि बाईतच काहीतरी आहे, असंच तिनं धरलं.

विशाखा मागच्या अंगणात भांडी घासत होती. दोन महिन्यांत ती वाळली होती. आम्रपाली तिच्यासमोर उकिडवी बसली.

"विशाखा, एक इच्यारते. रागवू नगंस. मला खरं सांग, मी कुनाला सांगनार न्हाई. पर्शा नसताना... कुनी आलं व्हतं का?"

विशाखाचा राखेचा हात तसाच थांबला. तिनं नणंदेकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही.

"त्यांनी इच्यारलं, आत्यांनी इच्यारलं," ती म्हणाली. "तुमी तरी इच्यारनार न्हाई असं वाटलं व्हतं, वन्सं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती एक पिशवी घेऊन आटपाडीला निघून गेली. कुणी अडवलं नाही. आम्रपाली फाट्यापर्यंत तिच्यामागून चालत गेली.

फेब्रुवारी तसाच गेला. आम्रपाली कामं करत होती, पण रजिस्टर उघडलं की तिला तो राखेचा हात दिसायचा. मार्चच्या सुरुवातीला महेंद्र मास्तरांचं पत्र आलं. सुवाच्य अक्षरात, शाळेच्या कागदावर. 'चि. विशाखाची प्रकृती बरी नाही. ती कोणत्याही डॉक्टरांकडे यावयास तयार नाही. आपण परिचारिका आहात व तिच्या नणंद आहात, म्हणून आपणांस लिहितो. जावईबापूंनी रक्त तपासण्याची अट घातली आहे, ती आम्ही मिरजेत पूर्ण केली. दोष निघालेला नाही. रिपोर्ट सोबत जोडला आहे. तरी तक्रार तशीच आहे.'

आम्रपालीनं रिपोर्ट तीनदा वाचला. मग दोन दिवसांची रजा टाकून दिघंचीवरून आटपाडीला गेली.

विशाखा आधी बाहेरच आली नाही. मास्तर शाळेत गेले, घरात दोघीच उरल्या, तेव्हा आम्रपाली दाराशी बसून म्हणाली, "मी चुकले. मी इच्यारायला नगो व्हतं ते इच्यारलं आन् जे इच्यारायला पायजे व्हतं ते न्हाई इच्यारलं. सांगलीत उमाताई गोरे म्हणून डॉक्टरीणबाई हायत, आमच्या प्रशिक्षणाला शिकवायला यायच्या. त्या नुसतं ऐकून औषध देत न्हाईत, तपासून देत्यात. चल."

"तपासलं म्हंजी?"

"काचंवर घेऊन दुर्बिनीखाली बघत्यात."

"तुमी का न्हाई बघितलं?"

"माझ्याकडं दुर्बिन न्हाई," आम्रपाली म्हणाली. "डोळं व्हतं, त्यानंबी न्हाई बघितलं."

विट्यावरून सांगलीला पोचायला साडेतीन तास लागले. सबंध वाटेत विशाखा खिडकीची काच उघडी धरून बसली. शेजारी कुणी बसायला आलं की ती आम्रपालीकडे सरकायची.

डॉ. गोरे पन्नाशीच्या होत्या. बारीक, चष्मा नाकावर उतरलेला, बोलणं संथ. त्यांनी आधी आम्रपालीला गप्प बसवलं. "तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू दे." मग विशाखाला एकेक विचारत गेल्या. रंग कसा? घट्ट का पातळ? खाज आहे का? किती? आग होते का? वास कसा, कधी वाढतो? पाळीनंतर? नवरा जवळ आल्यावर? आतून काय काय लावलं? आधी कोणती औषधं झाली, किती दिवस?

विशाखा सांगत होती आणि आम्रपाली ऐकत होती. पातळ, राखाडीसर. खाज जवळजवळ नाही, धुतल्यावर फक्त आग. वास माशासारखा. नवरा जवळ आला की फार वाढतो, साबणानं धुतलं की काही वेळानं वाढतो. यातलं निम्मं तिनं डिसेंबरात, लसींच्या डब्यांपाशी उभी राहून सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं. कापसाच्या काडीवर स्राव घेतला, पिवळ्या कागदाच्या पट्टीला लावला. पट्टी हिरवट निळी झाली. "निरोगी बाईच्या अंगात तिथं आंबटपणा असतो, पट्टी पिवळीच राहते," त्या आम्रपालीला म्हणाल्या. "बुरशी असती तरी बहुधा पिवळीच राहिली असती. इथं आंबटपणा गेलाय." मग काचेवर एक थेंब घेऊन त्यांनी त्यावर पोटॅशचं, म्हणजे कडक क्षाराचं, पाणी सोडलं. खोलीत एकदम सुकटीचा वास आला. विशाखानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "बाळ, हा तुझ्या चारित्र्याचा वास नाही," डॉक्टरीणबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या. "हा क्षाराचा खेळ आहे. साबणात क्षार असतो, पुरुषाच्या वीर्यातही असतो. त्यानं या जंतूंचा वास सुटतो. म्हणून नवरा जवळ आला की वाढायचा."

ती काच दुर्बिणीखाली बघून झाल्यावर त्यांनी पोटॅश न घातलेली दुसरी लावली, स्वतः बघितली आणि आम्रपालीला बोलावलं. आम्रपालीनं डोळा लावला. मोठ्या सपाट पेशी दिसत होत्या, पण त्यांच्या कडा धड दिसत नव्हत्या. कुणीतरी राळ्याचे दाणे पसरावेत तसे बारीक ठिपके त्यांच्यावर चिकटलेले, कडेपर्यंत, कडेच्या बाहेर.

"ते ठिपके म्हणजे जंतू. बुरशीचे धागे कुठं दिसतात का?"

आम्रपालीनं शोधलं. "न्हाई."

"पोटॅशच्या थेंबातही नाहीत, त्यात तर बुरशी स्पष्ट दिसते. हलणारे, शेपटीचे जंतू पण नाहीत. त्यांनीही वास येतो, म्हणून तेही बघावं लागतं. म्हणजे बुरशी नाही. बुरशीच्या औषधानं हे जाणारच नव्हतं, दोन पाकिटं द्या की वीस द्या."

"पन कॅप्सुला खाल्ल्यावरच झालं, म्हणून मला वाटलं..."

"सगळ्यांना तेच वाटतं. बऱ्याचदा खरंही असतं, म्हणून तर फसायला होतं. आत चांगले जंतू असतात, ते आंबटपणा राखतात. कॅप्सुलांनी ते मेले की जागा रिकामी होते. त्या जागेत बहुतेक वेळा बुरशी वाढते, कधी हे दुसरे जंतू वाढतात, कधी दोन्ही. मग साबण आणि डेटॉलनं उरलेसुरले चांगले जंतूही जातात. नक्की कशानं सुरू झालं ते आता मलाही सांगता येणार नाही."

"हा बाहेरून आलेला रोग हाय का?" विशाखानं पहिल्यांदाच आपणहून विचारलं.

"तसं म्हणता येत नाही. कुणाकडून आणलाय असं यावरून कुणीही ठरवू शकत नाही. कुणी ठरवत असेल तर त्याला माझ्याकडे पाठव."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, जेवणावर, सात दिवस, मध्ये सोडायची नाही. तोंडाला लोखंडासारखी चव येईल. आतून धुणं बंद, साबण बंद. आम्रपालीनं गोळीचं नाव दोनदा वाचलं. पोटात मुरडा आला, आव पडली, की खेड्यापाड्यातून देतात तीच गोळी. तिच्या उपकेंद्रातल्या कपाटात तिचे डबेच्या डबे भरलेले होते.

"आधी हीच दिली असती तर..." ती पुटपुटली.

"नुसत्या अंदाजानं दिली असतीत, तर तोही अंदाजच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी यांना दह्यासारखं जात होतं ना? तेव्हा ही गोळी दिली असतीत तर काही उपयोग झाला नसता, बुरशी उलट वाढली असती. दोन्हीला लोक एकच नाव देतात, अंगावरून जातंय. नावावर औषध देऊ नका. विचारा, बघा. आणि पहिल्या औषधानं गेलं नाही तर तेच पुन्हा देऊ नका, पाठवा कुणाकडे तरी."

तिसऱ्या दिवशी वास कमी झाला. सातव्या दिवशी नव्हताच. आम्रपालीला हे महेंद्र मास्तरांच्या पोस्टकार्डावरून कळलं. विशाखानं स्वतः काही लिहिलं नाही.

आम्रपालीनं प्रशांतला सविस्तर पत्र लिहिलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं लिहिलं, आपली चूक लिहिली, रक्ताचा रिपोर्ट निर्दोष आहे हे दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. बुद्धजयंतीला तो गावी आला तेव्हा म्हणाला, "बरी झाली म्हनतीस ना? मग येऊ दे की. मी कुठं नगं म्हनतोय."

"तू जाऊन आन तिला."

"मी कशाला? ती आपली आपन गेली."

जयंती झाल्यावर आठवड्यानं महेंद्र मास्तर विशाखाला आणि दोन नातेवाइकांना घेऊन आले. विहारात बैठक बसली. गावची चार जाणती माणसं, सयाजी तात्या मध्ये. बायका दाराशी. जाईबाई भिंतीला टेकून, डोक्यावरून पदर ओढून बसलेली. सुरुवातीला सगळेच आडून बोलत होते. कुणी म्हणालं गैरसमज झाला, कुणी म्हणालं तब्येतीचं कारण. शेवटी सयाजी तात्या म्हणाले, "आम्रपाली, तू शिकल्याली हायस. रोग काय व्हता ते तूच सांग, म्हंजी मिटलं."

आम्रपाली उठून उभी राहिली. पुरुषांपुढं असलं बोलायची तिला लाज वाटली, पण विशाखा समोर बसली होती आणि ती खाली बघत नव्हती.

"पायाच्या कॅप्सुलांनंतर अंगावरनं जायला लागलं," ती म्हणाली. "तिनं मला सांगितलं व्हतं की वास येतो, खाज न्हाई. मी ऐकलं न्हाई. गेल्या वर्षीचंच हाय म्हणून गोळ्या दिल्या. त्या चुकीच्या व्हत्या. दोनदा दिल्या. बरोबर औषधानं सात दिवसांत गेलं. हा कुनाकडनं आनलेला रोग न्हवता. चूक माझी हाय, तिची काय बी न्हाई."

दोघा-तिघांनी नजर जमिनीवर लावली. सयाजी तात्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं, बायकांचं बायकांत मिटलं. मग पोरीनं नांदायला यावं. पर्शा, तुझं काय म्हननं?"

"माझी ना न्हाई," प्रशांत म्हणाला.

"माझी एक अट हाय," विशाखा म्हणाली. तिचा आवाज विहारात फारसा कुणी ऐकलेला नव्हता. "मी रगत तपासलं. त्यांनी सांगितलं म्हणून तपासलं. माझं चांगलं निघालं. आता त्यांनी तपासावं. कागद आनावा. मी दुसऱ्या दिवशी येते."

प्रशांत ताडकन उठला. "मी कशाला तपासू? मला काय झालंय?"

"मला बी काय झालं न्हवतं."

"ऐकलंसा तात्या? बाप्या मानसाला इच्यारतीय!"

बैठकीत कुजबुज सुरू झाली. मास्तर लेकीकडे बघत होते, तिला थांबवावं की नाही हे त्यांना उमगत नव्हतं. जाईबाई एकदम म्हणाली, "एवढा ताठा कशापायी गं? घरात घेतोय म्हनतोय न्हवं का त्यो?" सयाजी तात्यांनी प्रशांतला बाजूला घेऊन समजावलं. एक सुई टोचायची, त्यात काय? तो ऐकेना. त्याच्या चेहऱ्यावर रागाबरोबर आणखी काहीतरी होतं. आम्रपालीनं ते पाहिलं आणि ते काय आहे याचा विचार करायचं तिचं धैर्य झालं नाही.

दुपार टळेपर्यंत हेच चाललं. मग फारकतीचा कागद लिहिला गेला. विशाखानं सही केली, नाव पूर्ण लिहिलं. प्रशांतनंही केली.

निघताना आम्रपाली तिच्याजवळ गेली. विशाखाच म्हणाली, "आज तुमी समद्यांम्होरं सांगितलंसा, ते बरं केलंसा." मग म्हणाली, "पन ताट येगळं काढलं त्याच दिशी सांगायला पायजे व्हतं, वन्सं." एवढं बोलून ती बापाच्या मागून चालायला लागली.

प्रशांत दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. जाईबाईनं लेकीशी बोलणं टाकलं. तिच्या मते घर मोडलं ते विहारातल्या त्या बोलण्यानं. आम्रपाली महिन्याकाठी आईला बघायला जायची, भाकरी थापून द्यायची, परत यायची. आई म्हणायची एवढंच, "दार लावून जा."

विशाखा आटपाडीत बालवाडीवर लागली असं तिच्या कानावर आलं. प्रशांतच्या रक्ताचं कधी काही कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा सारखा खोकत होता.

पावसाळा संपता संपता वरच्या वस्तीवरची रंगूबाई उपकेंद्रावर आली. पडवीत उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, अंगावरनं जातंय. मागं त्या गोळ्या दिल्या व्हत्या तुमी, त्याच द्या."

आम्रपालीनं हातातलं काम खाली ठेवलं. तिला आत बसवलं, दार ओढून घेतलं आणि विचारायला लागली. घट्ट का पातळ? खाज का वास? कधीपासून? इतक्यात कसल्या गोळ्या खाल्ल्या? रंगूबाईनं जमेल तेवढं सांगितलं. वास होता, खाजही होती. दोन्ही. आम्रपालीनं कपाटाकडे पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"हे सांगलीला दावायला लागंल. मी उमाताईंच्या नावानं लिहून देते."

"सांगलीला?" रंगूबाई हसली. "आवं बाई, शेरडं कोन बघंल? मालक सोडनार हाय व्हय मला? द्या की तुमीच काय तरी."

"बघितल्याबिगर मी देनार न्हाई, रंगूबाई."

रंगूबाईनं चिठ्ठी घेतली, चार घड्या करून चोळीत खोचली आणि ती गेली. महिनाभरानं आम्रपाली लसीकरणाला वरच्या वस्तीवर गेली तेव्हा रंगूबाई शेळ्या घेऊन माळावर होती. आम्रपालीनं लांबून हाक मारून विचारलं, सांगलीला जाऊन आलीस का? रंगूबाईनं हात हलवला, त्याचा अर्थ काय ते नीट कळलं नाही, आणि ती शेळ्यांमागं उताराला लागली.